बाजारात पाठ, मांडवात विसर

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात असताना एखाद्या आडत दुकानासमोर तासभर उभे राहिले, तर एक नवल पाहावयास मिळते. साठी उलटलेला आडत्या सेनगाव, औंढा, कळमनुरी या भागांतून आलेल्या शेतकऱ्यांना एकामागून एक नावाने हाक मारीत असतो. कोणाचा ढीग कोणता, कोणाची पट्टी व्हायची राहिली, कोणाचा मुलगा सोबत आला आहे, हे त्याला वहीत न पाहता सांगता येते. यांतील काही शेतकरी तर त्याच दिवशी सकाळी प्रथमच दुकानाची पायरी चढलेले असतात. हाच आडत्या त्याच संध्याकाळी पुतणीच्या सगाईसाठी मंगल कार्यालयात जातो. वरपक्षाकडील आठ जणांची ओळख करून दिली जाते. तो प्रत्येकाला हात जोडतो, हसतो, चार शब्द बोलतो. आणि पंगतीला बसेपर्यंत त्या आठांपैकी दोनच नावे त्याच्यापाशी उरलेली असतात. घरी परतताना तो पत्नीला म्हणतो, “आता वय झालं. नावं राहत नाहीत डोक्यात.”

वयाचा भाग नाहीच असे नाही. विशेषनामे आठवण्याची गती उतारवयात मंदावते, आणि ओठांवर आलेले नाव बाहेर न येण्याचा त्रास तरुणांपेक्षा ज्येष्ठांना अधिक होतो. पण दोष केवळ वयाचा असता, तर सकाळी यार्डातही तो दिसला असता. स्मरणशक्ती एकच, दिवस एकच, माणसे दोन्हीकडे नवीच. फरक आहे तो नाव हाती कसे येते आणि हाती आल्यावर त्याचे पुढे काय होते, यात.

यार्डातील नव्या शेतकऱ्याचे उदाहरण नीट पाहू. गाडीतून पोती उतरतात तेव्हा आडत्या त्याचे नाव विचारतो, कारण मालाची नोंद नावाशिवाय होत नाही. नाव नीट ऐकू आले नाही, तर तो निःसंकोचपणे पुन्हा विचारतो. तेथे लाजण्याचे कारणच नसते. थोड्याच वेळात हमाल विचारतो, “हे पोते कोणाचे?” आणि आडत्याला ते नाव स्वतःच्या तोंडून सांगावे लागते. मग मध्ये तासभर जातो. बोली सुरू झाली की त्या ढिगापाशी नाव पुन्हा येते. काट्यावर पुन्हा येते. दुपारनंतर पट्टी लिहिताना, त्यानंतर पैसे देताना आणि पंधरा दिवसांनी उरलेला माल घेऊन तोच माणूस आला की पुन्हा एकदा. एकाच नावाचा पाच-सहा वेळा वापर झाला, प्रत्येक वेळी ते आडत्याने स्वतः आठवून काढले आणि दर दोन खेपांमधील अंतर वाढत गेले.

स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी नेमकी हीच रीत नावे पाठ करण्यासाठी उत्तम ठरवली आहे. १९७८ साली लँडॉअर आणि ब्यॉर्क या दोन संशोधकांनी नावे शिकण्याचे प्रयोग केले. त्यांत असे दिसले की नाव ऐकल्यावर लगेच एकदा, मग थोड्या अंतराने, मग अधिक अंतराने असे ते स्वतः आठवत गेल्यास अधिक टिकते. येथे ‘स्वतः आठवणे’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. दुसऱ्याने पुन्हा नाव सांगणे आणि आपण आठवून काढणे, यांत रोकड हाती येणे आणि उधारी वहीत दिसणे इतके अंतर आहे. पुढे २००५ मध्ये ब्रिटनमधील मॉरिस, फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्याखुऱ्या मेजवानीत पाहुण्यांवर हीच रीत तपासली. वाढत्या अंतराने नाव आठवत राहिलेल्या मंडळींना नंतरही नावे अधिक सांगता आली. चेहरा आणि नाव यांची मनात गमतीदार चित्रे जोडण्याची जी युक्ती स्मरणशक्तीवरील पुस्तकांत हमखास दिलेली असते, ती मात्र त्या गर्दीत उपयोगी पडली नाही. हे समजण्यासारखे आहे. समोर व्याही बोलत असताना त्यांच्या नाकाच्या आकारावरून मनात चित्र रंगवीत बसायचे, तर त्यांचे बोलणे कोणी ऐकायचे?

मांडवात नाव एकदा कानावर पडते आणि त्यानंतर कोणीही ते मागत नाही. नोंद नाही, काटा नाही, पट्टी नाही. पाहुण्यांच्या वाट्याला हे ‘व्यवहार’ मुद्दाम निर्माण करावे लागतात. ते कसे, हे पाहण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागेल. ती म्हणजे मांडवातील नाव पुष्कळदा विसरलेलेच नसते, तर मुळात ऐकलेलेच नसते.

व्याहीभेटीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. दोन्हीकडची माणसे समोरासमोर उभी आहेत. एक ज्येष्ठ गृहस्थ नावे घेत आहेत, नारळ-पाकिटे हातोहात जात आहेत, छायाचित्रकार “इकडे बघा” म्हणतो आहे आणि बाहेर बँडचा आवाज टिपेला पोहोचला आहे. अशा वेळी प्रत्येकाचे लक्ष आपली पाळी कधी येते, गळाभेट कशी घ्यायची, पाकीट कोणत्या खिशात आहे याकडे लागलेले असते. १९७३ साली ब्रेनर या संशोधकाने दाखवून दिले की वर्तुळात बसलेली माणसे पाळीपाळीने शब्द वाचत असतील, तर आपली पाळी येण्याच्या अगदी आधी उच्चारले गेलेले शब्द माणसाला सर्वांत कमी आठवतात. म्हणजे आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नावच सर्वप्रथम निसटते, आणि पंगतीत नेमका तोच आपल्या पाटाशेजारी येऊन बसतो.

जैन परंपरेत शतावधानाचा मोठा लौकिक आहे. श्रीमद् राजचंद्रांनी तरुणपणी मुंबईत शतावधानाचे प्रयोग केले होते. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी त्यांची परीक्षा पाहण्यासाठी आपल्याला ठाऊक असलेले युरोपीय भाषांतील शब्द त्यांना सांगितले, आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. ही सिद्धी सर्वसामान्यांच्या आवाक्यातील नव्हे. पण या विद्येचे नाव ‘शतस्मरण’ नसून ‘शतावधान’ आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अवधान म्हणजे लक्ष. मांडवात शंभर अवधाने नकोत, एकच पुरे. आणि तेही नाव उच्चारले जाते त्या दोन क्षणांपुरते. त्या क्षणी हातातले ताट खाली ठेवावे, मोबाइल खिशात टाकावा, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. ऐकू आले नाही, तर तेथेच “गोंगाटात ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल?” असे म्हणावे. पहिल्या मिनिटाला हा प्रश्न आदराचा वाटतो. तासाभराने तोच प्रश्न विचारायला जीभ जड होते.

आता नाव ऐकले. तरी ते इतर माहितीपेक्षा लवकर का निसटते? याचेही उत्तर एका सुंदर प्रयोगात सापडते. १९८७ साली ब्रिटनमध्ये काही संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचे आडनाव व व्यवसाय सांगितला. त्यांतले काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. जसे आपल्याकडे ‘भंडारी’ हे आडनावही असते आणि भांडार सांभाळणाऱ्यालाही भंडारी म्हणतात, ‘कोठारी’चेही तसेच. शब्द तोच असूनही तो व्यवसाय म्हणून सांगितला तर अधिक लक्षात राहिला आणि आडनाव म्हणून सांगितला तर विसरला गेला. कारण उघड आहे. भांडार सांभाळणारा म्हटले की किल्ल्या, पोती, धान्याचा वास असे सारे मनात उभे राहते. भंडारी आडनाव म्हटले की काहीच उभे राहत नाही. नावाला स्वतःचे मूळ नसते, ते कशाला तरी बांधावे लागते.

व्यापारी घरांत ओळख करून देण्याची पद्धत याच बाबतीत थोडी उलटी पडते. “हे जिंतूरचे, कापडाचं दुकान आहे, आपल्या वसमतवाल्यांचे साडू” अशी ओळख होते. गाव, धंदा, नाते ही तिन्ही माहिती पक्की बसते आणि नाव एक तर शेवटी पुटपुटले जाते किंवा राहूनच जाते. मग वर्षभर त्या गृहस्थांचा उल्लेख घरात ‘वसमतवाल्यांचे साडू’ असाच होत राहतो. आडनावाचाही फारसा आधार नाही. एकाच कार्यात निम्मी माणसे एकाच आडनावाची असू शकतात. नावांचा साठाही मर्यादित. तीर्थंकरांच्या नावांवरून ठेवलेली नावे घरोघरी असल्यामुळे एका हॉलमध्ये तीन शांतिलाल आणि चार पारस सहज भेटतात. म्हणूनच नावाच्या अर्थावरून खूण बांधणे येथे फसते. शांत स्वभावाचे म्हणून शांतिलाल ध्यानात ठेवावेत, तर दुसरे शांतिलाल माइकवर भांडत असतात. खूण बांधायची ती गाव आणि धंदा यांच्याशी, कारण ती माहिती आपल्याकडे आपोआप टिकते. ‘जिंतूरचे कापडवाले’ असे न म्हणता ‘जिंतूरचे ज्ञानचंदजी, कापडवाले’ असे एकच वाक्य मनात करावे आणि त्यातून नाव कधीही गाळू नये.

इंग्रजी वळणाच्या पुस्तकांतला आणखी एक सल्ला येथे जसाच्या तसा चालत नाही. ती पुस्तके सांगतात की बोलताना समोरच्याचे नाव तीन-चारदा घ्यावे. हिंगोलीत वयाने मोठ्या व्याह्यांना बोलण्यात पुन्हा पुन्हा नावाने संबोधले, तर ते आपुलकीचे न वाटता आगाऊपणाचे वाटेल. मोठ्यांना ‘काकासाहेब’, ‘भाईसाहेब’, ‘व्याहीजी’ असेच म्हणायचे, ही रीत आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. मात्र मोठ्यांचे नाव तिसऱ्या माणसाशी बोलताना ‘जी’ लावून घेण्यास कोणाचीही हरकत नसते. “ज्ञानचंदजींना पाणी दे,” असे मुलाला सांगावे. “हे ज्ञानचंदजी, जिंतूरहून आले आहेत,” अशी धाकट्या भावाला ओळख करून द्यावी. हमालाने “हे पोते कोणाचे?” असे विचारावे, तसाच हा व्यवहार. आदरही राहतो आणि नाव एकदा आठवून तोंडातून बाहेरही पडते.

सगाईच्या त्या संध्याकाळचाच हिशेब मांडून पाहू. समजा, सात वाजता आठ जणांची ओळख झाली. आठही नावे धरण्याचा हट्ट प्रथम सोडावा. पुढे वारंवार संबंध येणार आहे अशी तीन-चार माणसे निवडावीत: वराचे काका, मामा, मेहुणे. ओळख होताच प्रत्येकाचे नाव मनात एकदा म्हणावे. दोन मिनिटांनी, संभाषण दुसरीकडे वळले असताना, त्या चेहऱ्यांकडे पाहून पुन्हा आठवावे. पंधरा मिनिटांनी कोणाला तरी त्यांची ओळख करून देण्याचे निमित्त शोधावे. पंगतीला बसल्यावर समोरच्या ओळीवरून नजर फिरवीत एकेक नाव मनात घ्यावे. येथे एखादे अडखळलेच, तर पत्नीला किंवा भावाला हळूच विचारून घ्यावे; या टप्प्यावर चूक सुधारली तर ती पक्की बसत नाही. निरोप देताना दाराशी पुन्हा एकदा. रात्री घरी आल्यावर वहीच्या पानावर नाव, गाव, धंदा आणि नाते असे लिहावे. पण आधी आठवून लिहावे आणि मग पत्रिकेशी ताडून पाहावे. पत्रिकेवरून नुसते उतरवून काढले तर श्रम वाया जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा आणि आठवड्याने एकदा, असे झाले की ती चार नावे बहुधा टिकतात. उरलेली चार पुढच्या कार्यात घ्यावीत.

पत्रिकेचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्याविषयी थोडे. लग्नपत्रिका बहुतेक घरांत तारीख, वेळ आणि स्थळ पाहून बाजूला ठेवली जाते. वस्तुतः निमंत्रक, विनीत, स्नेहाकांक्षी, मामेरा घेऊन येणारे, अशा क्रमाने त्या कुटुंबाची अख्खी खातेवही तीत छापलेली असते. कोपऱ्यात फर्मची नावे आणि गावेही असतात. कार्याला निघण्यापूर्वी पाच मिनिटे ती वाचली, की मांडवात ऐकू येणारे नाव कानाला अनोळखी राहत नाही. आधी वाचलेले नाव गोंगाटातही चटकन उमटते. कधीच न ऐकलेले नाव अर्धेच कानी पडते.

या सर्वांत कठीण परीक्षा नव्या सुनेची असते, आणि ती तिच्या वाट्याला अगदी अन्यायकारक रीतीने येते. सासरची मंडळी तिला एका दिवसात भेटतात. ती त्यांना एकटीच भेटते. चाळीस जणांना तिचे एक नाव लक्षात ठेवायचे असते, तिला एकटीला चाळीस. शिवाय तिला नावे सांगितली जातात ती पाया पडताना. डोके खाली, डोक्यावरचा पदर सावरलेला. कानावर “या आत्येसासूबाई” असे शब्द आणि डोळ्यांसमोर फक्त जोडव्यांची पावले. पुढच्या पायांकडे वळायची घाई. चेहरा दिसण्याआधीच नाव विरून जाते. महिन्याने त्याच आत्येसासूबाई दाराशी येतात, सून त्यांना “या, बसा” म्हणते पण ओळखीचा शब्द बोलत नाही, आणि आतल्या खोलीत बोलणे सुरू होते: “मोठ्या घरची आहे, माणसं कशाला ओळखेल!” एका न ऐकलेल्या नावाची किंमत अशी नात्याच्या खात्यावर चढते.

हिंगोलीतील एका घरात यावर फार साधा उपाय झाला. थोरल्या जावेने नवीला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज दुपारी मोबाइलवरील लग्नाची छायाचित्रे दाखवली. पहिल्या दिवशी सहाच माणसे: नाव, नाते, गाव आणि एखादी गोष्ट, जशी “या मामीजींना साखरेचं चालत नाही, त्यांच्या चहात साखर घालायची नाही.” दुसऱ्या दिवशी प्रथम तीच छायाचित्रे नाव न सांगता दाखवून धाकटीला विचारले, आणि मगच नवी सहा घेतली. चुकले तर हसून पुढे जायचे, एवढाच नियम. साखरेची गोष्ट येथे उगाच आलेली नाही. भांडारवाल्याच्या किल्ल्यांप्रमाणे तिने त्या नावाला मूळ दिले. मामीजी चातुर्मासात घरी आल्या तेव्हा सुनेने बिनसाखरेचा चहा पुढे केला आणि त्यांना नात्याने व नावाने ओळखले. ‘मोठ्या घरची’ हा शब्द त्या घरात उच्चारण्याची वेळच आली नाही.

एवढे करूनही नाव विसरते. तेव्हा काय करावे?

मराठवाड्यात नात्याच्या शब्दांचे छत्र मोठे आहे. ‘काका’, ‘भाऊ’, ‘शेठ’, ‘भाभीजी’, ‘ताई’ यांच्या आड माणूस वर्षानुवर्षे नावाशिवाय निभावू शकतो. छत्र उडते ते तिसरा माणूस आला की. तुम्ही दोघे बोलत उभे आहात, तुमचा जुना मित्र येतो आणि आता या दोघांची ओळख करून देणे भाग आहे. अशा वेळी ज्याचे नाव ठाऊक आहे त्याचे स्वच्छ सांगावे: “हे आमचे कळमनुरीचे मित्र, सुभाषजी.” आणि क्षणभर थांबावे. दहांत आठ वेळा दुसरा गृहस्थ स्वतःच हात जोडून आपले नाव सांगतो. काही दांपत्ये कार्याला जाण्यापूर्वीच ठरवून ठेवतात की पतीने समोरच्याचे नाव न घेता “ही माझी पत्नी” एवढेच म्हटले, तर पत्नीने “आपलं नाव?” असे आपणहून विचारायचे. तिला विचारण्याचा अधिकारच असतो, ती प्रथमच भेटत असते. हा करार उलट दिशेनेही तितकाच उपयोगी पडतो.

“तुमचा नंबर सेव्ह करतो, नाव तुम्हीच टाका” असे म्हणून मोबाइल पुढे करण्याची चतुराई हल्ली फार चालते. ती एकदाच चालते. नंबर आधीच जतन केलेला असला, की समोरच्याला पडद्यावर स्वतःचे नाव ‘हळद पार्टी जिंतूर’ असे वाचावयास मिळते. “आपलं पूर्ण नाव काय?” हा प्रश्नही तसाच. त्यावर पुष्कळ जण केवळ आडनाव सांगतात, आणि ते तर आपल्याला ठाऊकच असते.

युक्त्या संपल्या की सरळ विचारावे. मात्र विचारताना आपल्याला जे आठवते आहे ते आधी सांगावे. “मागच्या वर्षी शिरड शहापूरला मल्लिनाथांच्या मंदिरात आपली भेट झाली होती, तुमच्या मुलाचं सीएचं चाललं होतं, नाव मात्र आत्ता ओठांवर येत नाही.” हे ऐकणाऱ्याला आपला अवमान झाला असे वाटत नाही, कारण माणूस विसरला गेलेला नाही, केवळ शब्द हरवला आहे. याउलट “सॉरी, तुम्ही कोण?” या तीन शब्दांत सारे पुसून जाते. ओठांवर अडकलेल्या नावाशी झटत बसण्यातही लाभ नसतो. ‘सुभाष’ हवे असताना ‘सुरेश’ पुन्हा पुन्हा पुढे येत राहतो आणि तोच वाट अडवतो. विषय बदलावा, खरे नाव पुष्कळदा थोड्या वेळाने आपसूक येते. नव्या ओळखीची नावे विसरणे हे वयाला धरून आहे. पण घरच्या माणसांची नावे चुकू लागली, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जाऊ लागली किंवा रोजचा रस्ता, रोजचा हिशेब अडखळू लागला, तर तो विषय वेगळा आहे आणि डॉक्टरांकडे नेण्याचा आहे.

चुकीच्या नावाने हाक मारली गेली, तर दुरुस्ती एका वाक्यात करावी: “सुभाषजी, चुकलो,” आणि पुढचे बोलणे सुरू. लांबलचक क्षमायाचनेने भलतेच घडते. ज्याचे नाव चुकले त्यालाच “अहो, असू द्या, होतं असं” म्हणत आपली समजूत काढावी लागते, आणि भोवतीच्या चार जणांना चूक नव्याने कळते. दुसऱ्याने आपले नाव चुकवले, तर तेही पहिल्याच वेळी हळूच सांगून टाकावे. संकोचाने दोन वर्षे ‘सुरेश’ या नावाला ओ देत राहिलेल्या सुभाषला पुढे कोणत्या तोंडाने सांगता येईल?

उच्चाराचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे नाव येत असते पण चुकते. मारवाडी, गुजराती आणि मराठी अशा तीन वळणांची कुटुंबे एकाच मांडवात असतात. ‘ऋषभ’ हे नाव मराठी जिभेवर ‘रुषभ’ होते, हिंदी वळणाच्या घरात ‘रिषभ’. ‘ज्ञानचंद’ लिहिलेले गृहस्थ स्वतःच्या घरात ‘ग्यानचंद’ असतात आणि मराठी सूत्रसंचालकाच्या तोंडी ‘द्न्यानचंद’. ‘झुंबरलाल’मधला झ मराठी माणूस झाडातल्या झसारखा उच्चारतो, मारवाडी घरात तो झेंड्यातला झ असतो. यांत शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते, हा वाद व्याकरणाच्या वर्गात करावा. मांडवात प्रमाण एकच: तो माणूस आणि त्याच्या घरचे जसे म्हणतात तसे. सुनेचे नाव लग्नात बदलले असेल, तर आणखी जपावे लागते. काही जणींना सासरचे नाव आवडलेले असते, काही जणी माहेरच्याच नावाने नोकरी करतात आणि त्याच नावाने ओळखल्या जाऊ इच्छितात. “तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?” असे विचारले, तर उत्तर देताना त्यांचा चेहरा खुलतो, हे कोणीही पाहून घ्यावे.

सत्कार-समारंभात तर ही चूक माइकवरून तीनशे माणसांना ऐकू जाते. चिठ्ठीवर लिहिलेले नाव सूत्रसंचालक तसेच वाचतो, सत्कारमूर्ती शाल घेताना ओशाळवाणे हसतात, आणि त्यांचा नातू पहिल्या रांगेतून मोठ्याने खरे नाव सांगतो. अनुभवी सूत्रसंचालक कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी सत्कारमूर्तींपाशी स्वतः जाऊन नाव त्यांच्या तोंडून ऐकतात आणि चिठ्ठीवर पत्रिकेतले नाव खोडून, ऐकले तसे लिहून घेतात: ग्यानचंदजी, झेंड्यातला झ, रिषभ. चिठ्ठी वाचताना व्याकरणाच्या शिक्षकांना वेदना होतील, पण ती चिठ्ठी त्यांच्यासाठी लिहिलेली नसते.